सीगलचा तिसरा पाय

१ जून २०२४ च्या शनिवारी लोकसभा निवडणुकीच्या मतदानाचा शेवटचा टप्पा संपला आणि संध्याकाळी वाहिन्यांवर एक्झिट पोल सुरू झाले. जवळपास सगळ्यांनीच सत्ताधारी आघाडीच्या पदरात घसघशीत बहुमत टाकलं होतं. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी ७३३ अंकांनी उसळून २३,२६३.९० वर बंद झाला. मतमोजणी मंगळवारी होती. महिनाअखेरपर्यंत निफ्टी चोवीस हजार गाठेल असं त्या दिवशी अनेकांना वाटत होतं, पण त्या मतावर पैसे लावायचे तर कॉल महाग झाले होते. मोठ्या घटनेच्या तोंडावर ऑप्शनचे भाव फुगतात, कारण उद्या बाजार कुठेही जाऊ शकतो हे विकणाऱ्यालाही कळत असतं आणि तो त्याची किंमत लावतो.

अशा वेळी तेजी तर हवी, पण प्रीमियम भरायची तयारी नाही, या पेचातून वाट काढणारी एक रचना आहे. तिला सीगल म्हणतात. नाव पडलं ते तिच्या नफ्यातोट्याच्या आलेखावरून. पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्यासारखी ती रेघ दिसते. तेजीच्या सीगलमध्ये तीन सौदे असतात. एक कॉल घ्यायचा, त्याच्या वरचा एक कॉल विकायचा आणि बाजाराच्या खालचा एक पुट विकायचा. पहिल्या दोघांना मिळून कॉल स्प्रेड म्हणतात. तो तसा निरुपद्रवी प्रकार आहे. सगळी गोष्ट आहे ती तिसऱ्या पायाची, विकलेल्या पुटची. ज्या सोमवारचा उल्लेख केला, त्याच दिवशी ही रचना केली असती तर पुढच्या चोवीस दिवसांत काय झालं असतं, ते पाहिलं की या तिसऱ्या पायाचा स्वभाव नीट कळतो. निफ्टीचे आकडे प्रत्यक्षातले आहेत. ऑप्शनचे भाव मात्र त्या वेळच्या अस्थिरतेला धरून हिशेबाने काढलेले, सोयीसाठी गोल केलेले आहेत.

२७ जूनची मासिक एक्स्पायरी घेऊ. २३,५०० चा कॉल ३५० रुपयांना घेतला. याचा अर्थ, २७ जूनला निफ्टी २३,५०० च्या वर जितका बंद होईल तितके रुपये प्रत्येक नगामागे मिळणार. त्या वेळी निफ्टीचा लॉट २५ चा होता, म्हणजे नुसत्या या कॉलचे ८,७५० रुपये झाले. आता २४,००० चा कॉल १६० ला विकला. चोवीस हजाराच्या वरची कमाई दुसऱ्याला देऊन टाकली आणि त्या बदल्यात खर्च ३५० वरून १९० वर आणला. हा झाला कॉल स्प्रेड. लॉटमागे ४,७५० रुपये. इथे थांबलं तर जास्तीत जास्त नुकसान या ४,७५० चं. निफ्टी वीस हजारावर गेला तरी त्यापलीकडे एक पैसाही जात नाही.

सीगल करणारा इथे थांबत नाही. तो २२,५०० चा पुट १६५ ला विकतो. हा पुट म्हणजे समोरच्याला दिलेलं वचन आहे: एक्स्पायरीला निफ्टी २२,५०० च्या खाली जितका जाईल, तितके रुपये मी तुला देईन. या वचनाचे १६५ रुपये हातात आले आणि एकूण खर्च १९० वरून २५ वर उतरला. लॉटमागे ६२५ रुपये. पावणेनऊ हजारांचा सौदा सव्वासहाशेत. निफ्टी २७ जूनला २४,००० किंवा वर बंद झाला तर पाचशे अंक मिळणार, त्यातून २५ वजा जाता ४७५ अंक, म्हणजे ११,८७५ रुपये. निफ्टी २२,५०० ते २३,५०० च्या मध्ये कुठेही घुटमळत राहिला तर गेले फक्त ६२५. आणि २२,५०० म्हणजे त्या दिवशीच्या भावापेक्षा साडेसातशेहून अधिक अंक खाली. समजावून सांगणारे इथवर आले की बहुतेक ऐकणाऱ्यांचे डोळे चमकतात.

हा स्वस्तपणा आला कुठून, हे आधी पाहायला हवं. बाजारात कोणी कोणाला १६५ रुपये उगाच देत नाही. तो पुट घेणारा कोण असतो? बहुधा ज्याच्याकडे आधीच भरपूर शेअर आहेत आणि ज्याला पडझडीची धास्ती आहे, असा फंड किंवा मोठा गुंतवणूकदार. तो विमा उतरवतोय आणि पुट विकणारा त्याची विमा कंपनी बनतो. निर्देशांकाच्या खालच्या पुटला असा विमा मागणारे कायम जास्त असतात, म्हणून तितक्याच अंतरावरच्या वरच्या कॉलपेक्षा खालचा पुट तुलनेने महाग विकला जातो. आपल्या उदाहरणात २४,००० चा कॉल आणि २२,५०० चा पुट जवळपास सारख्याच किमतीचे दिसतात. कॉल बाजारापासून ७३६ अंक दूर आहे, पुट ७६४ अंक. शिवाय महिन्याभराच्या व्याजामुळे एक्स्पायरीसाठी धरला जाणारा निफ्टीचा भाव शंभरेक अंक वरच असतो, त्या हिशेबाने पुट आणखी लांबचा ठरतो आणि तो बराच स्वस्त असायला हवा होता. तरी त्याला तेवढाच भाव मिळतोय. ही जास्तीची किंमत म्हणजे भीतीची किंमत. सीगल करणारा ती खिशात घालतो आणि तिच्यातून आपली तेजी विकत घेतो. ज्या जोखमीला सगळा बाजार घाबरतोय, ती स्वतःकडे घेऊन त्याने ही सवलत मिळवलेली असते. त्यात गैर काही नाही. पण ‘जवळपास फुकट तेजी’ हे वर्णन चुकीचं आहे, कारण किंमत मोजलेली आहेच. ती रुपयांत मोजलेली नाही, एवढंच.

आता एक गोष्ट जी आलेखाकडे नुसतं पाहून लक्षात येत नाही. निफ्टी एक अंक हलला तर आपला सौदा किती हलतो, या मापाला डेल्टा म्हणतात. ३ जूनच्या आपल्या सीगलचा डेल्टा साधारण ०.४२ येतो, म्हणजे निफ्टी १०० अंक वर गेला तर सौद्यात सुमारे ४२ अंकांचा फायदा, १०० खाली आला तर तेवढाच तोटा. या बेचाळिसाची फोड केली की नवल वाटतं. कॉल स्प्रेडमधून येतात जेमतेम १९. उरलेले २३ विकलेल्या पुटमधून. म्हणजे ज्याला आपण ‘कॉल स्प्रेड, आणि खर्च भागवायला जोडीला एक पुट’ असं समजतो, त्यातली अर्ध्याहून अधिक तेजी त्या पुटचीच असते. पहिल्या दिवशी तरी मुख्य सौदा पुट विकण्याचाच आहे आणि कॉल स्प्रेड हा त्याला जोडलेला भाग आहे, असं म्हणणं जास्त खरं ठरेल.

शिवाय हा डेल्टा स्थिर राहत नाही, आणि बदलतो तोही आपल्याला नको त्या दिशेने. निफ्टी चोवीस हजाराच्या जवळ जाऊ लागला की विकलेला वरचा कॉल जागा होतो आणि पुट निर्जीव होतो, त्यामुळे वाढीतला आपला वाटा आटत जातो. निफ्टी २२,५०० च्या खाली घसरू लागला की मात्र पुटचा डेल्टा फुगतो आणि तोट्यातला वाटा वाढत जातो. नुसता कॉल घेणाऱ्याचं उलट असतं. बाजार चढेल तशी त्याची कमाई वेग घेते आणि बाजार पडेल तसा त्याचा तोटा थंडावतो. सीगलवाल्याने खर्च वाचवण्यासाठी हाच गुण विकलेला असतो.

मंगळवार, ४ जून. सकाळी निफ्टी आदल्या दिवसापेक्षा थोडासाच खाली उघडला. मतमोजणीचे कल जसजसे येऊ लागले तसतसं स्पष्ट होत गेलं की भाजपला स्वबळावर बहुमत मिळत नाही. अखेर पक्षाच्या २४० आणि आघाडीच्या २९३ जागा झाल्या. बाजाराने त्या कलांवर जी घसरगुंडी धरली ती दुपारपर्यंत २१,२८१ च्या तळाला जाऊन थांबली. आदल्या बंदपासून साडेआठ टक्के. सगळ्या बाजाराचं कामकाज थांबवणारी पहिली पायरी दहा टक्क्यांची असते, त्यामुळे व्यवहार चालूच होते. इंडिया व्हीआयएक्स, म्हणजे बाजाराला वाटणाऱ्या अस्थिरतेचा निर्देशांक, एकविसाच्या आसपासून दिवसात तिशीच्या वर जाऊन आला.

तळाच्या त्या क्षणी आपल्या सीगलचं काय झालं असतं? एक्स्पायरीच्या आलेखावरून हिशेब केला तर २२,५०० वजा २१,२८१, म्हणजे १,२१९ अंक, त्यात सुरुवातीचे २५; एकूण १,२४४ अंकांचा तोटा. पण एक्स्पायरीला अजून तेवीस दिवस बाकी होते आणि अस्थिरता भडकली होती. उरलेल्या दिवसांची आणि भडकलेल्या भीतीची किंमतही पुटच्या भावात शिरते. माझ्या हिशेबाने १६५ ला विकलेला पुट तेव्हा १,३७० च्या आसपास असायला हवा. १९० च्या कॉल स्प्रेडचे उरले असते जेमतेम तीस. म्हणजे प्रत्यक्ष तोटा १,३६५ अंकांचा. लॉटमागे सुमारे ३४ हजार रुपये. आलेखावर दाखवलेल्या तोट्यापेक्षा तीनेक हजारांनी जास्त. ब्रोकरच्या ॲपवर सौदा करताना जो छान कोनदार आलेख दिसतो तो शेवटच्या दिवसाचा असतो. अधल्यामधल्या दिवसांत तोटा त्या रेघेच्या खाली जाऊ शकतो, आणि पैसे मागितले जातात ते त्या दिवसाच्या भावाने. डेल्टाही आता ०.४२ राहिला नव्हता, पाऊणच्या पुढे गेला होता. ६२५ रुपयांत केलेला सौदा आता जवळपास निफ्टीचा फ्युचर घेतल्यासारखा वागत होता.

दिवसअखेर निफ्टी २१,८८४.५० वर बंद झाला. ५.९३ टक्क्यांची घसरण. लॉटमागे तोटा एकवीस हजारांवर आला असता.

इथे मार्जिनचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सीगलमधली खरी मेख इथेच आहे. विकलेल्या वरच्या कॉलला घेतलेल्या खालच्या कॉलचा आधार आहे, त्यामुळे त्याच्यासाठी एक्स्चेंज फारसं मार्जिन मागत नाही. पुट मात्र उघडा आहे. त्यासाठी करारमूल्याच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम अडकवून ठेवावी लागते. त्या वेळच्या सुमारे ५ लाख ८० हजारांच्या लॉटला साठ हजार धरू. म्हणजे ‘सव्वासहाशेचा’ सौदा करायला खात्यात साठ हजार लागतात. समजा एखाद्याच्या खात्यात चार लाख आहेत. सौदा इतका स्वस्त आहे म्हटल्यावर तो सहा लॉट घेतो. खर्च ३,७५० रुपये, अडकलेलं मार्जिन ३ लाख ६० हजार, वर चाळीसेक हजार मोकळे. त्याच्या मनात हिशेब असतो की गेले तर पावणेचार हजार, आले तर एकाहत्तर हजार.

४ जूनच्या तळाला त्याचा तोटा दोन लाखांच्या वर. खात्यात उरले दोन लाखांहून कमी, आणि मार्जिन हवं किमान तेच साडेतीन-पावणेचार लाख. भडकलेल्या बाजारात कदाचित त्याहूनही जास्त. ब्रोकरचा मेसेज येतो, तातडीने पैसे भरा. नाही भरले तर ब्रोकरचा जोखीम विभाग सौदा कापतो, ट्रेडरच्या भाषेत स्क्वेअर ऑफ करतो. तो भाव चांगला आहे की वाईट हे पाहायला तिथे कोणी बसलेलं नसतं. आणि अशा वेळी पुट विकत घ्यायला सगळेच धावत असतात, त्यामुळे घेण्या-विकण्याच्या भावांतली दरी रुंदावते आणि कापलेला सौदा तळापेक्षाही महाग पडू शकतो.

आता पुढचे दिवस पाहा. ५ जूनला निफ्टी २२,६२०.३५ वर बंद झाला, म्हणजे पुटच्या स्ट्राइकच्या वर आला. ७ जूनला २३,२९०.१५, तीन दिवसांत सगळी पडझड भरून निघाली. आणि २७ जूनला, आपल्या सौद्याच्या शेवटच्या दिवशी, निफ्टी २४,०४४.५० वर बंद झाला. चोवीस हजारावरचा तो पहिलाच बंद. म्हणजे ३ जूनला ज्याने ‘महिनाअखेर चोवीस हजार’ म्हटलं होतं त्याचं मत तंतोतंत बरोबर निघालं. सीगलने द्यायचा होता तो पूर्ण नफा, ४७५ अंक, दिला. फक्त तो त्यांनाच मिळाला जे ४ जूनला टिकले. चार लाखांच्या खात्यात एकच लॉट घेऊन बसलेल्याला मंगळवारी कागदावर चौतीस हजारांचा तोटा दिसला असता, घाम फुटला असता, पण त्याला कोणी हात लावला नसता आणि २७ तारखेला त्याच्या हाती ११,८७५ रुपये आले असते. त्याच मताच्या, तेवढ्याच पैशांच्या आणि तोच सौदा केलेल्या सहा लॉटवाल्याचे दोन लाख गेले. फरक होता तो लॉटच्या संख्येचा.

म्हणून सीगलमध्ये किती लॉट घ्यायचे हे प्रीमियमवरून ठरवूच नये. ठरवायचं ते विकलेल्या पुटच्या स्ट्राइकवरून. २२,५०० गुणिले २५, म्हणजे ५ लाख ६२ हजार ५०० रुपये. एका लॉटने आपण एवढ्या रकमेचा निफ्टी त्या भावाला अंगावर घ्यायची हमी दिलेली आहे. ज्याला घसरणीत तेवढ्या रकमेची गुंतवणूक निफ्टीत करायचीच आहे आणि ज्याच्याकडे ते पैसे खरंच आहेत, त्याच्यासाठी हा पुट धोक्याचा राहत नाही; ती त्याची ठरवून ठेवलेली खरेदी असते. ज्याच्याकडे साठ हजारच आहेत, त्याने साडेपाच लाखांची हमी दिलेली असते. लॉटचे आकारही वेळोवेळी बदलतात. २०२४ च्या अखेरीस सेबीने करारांचं किमान मूल्य वाढवल्यावर निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला, म्हणजे तीच रचना एका लॉटला तिप्पट जड झाली. सौदा करायच्या आधी त्या दिवशीचा लॉट पाहून हा गुणाकार करावा.

यावर स्टॉप लॉसचा उपाय सांगितला जातो. साध्या दिवशी तो चालतोही. पण ज्या दिवसांची भीती आहे त्या दिवशी बाजार रात्रीतच खाली उघडतो किंवा ४ जूनसारखा दोन-तीन तासांत कोसळतो. तेव्हा स्टॉप लॉस लागतो तो बहुधा सगळ्यात वाईट भावाच्या आसपास, आणि बाजार उलटला तर परत शिरण्याची हिंमत उरत नाही. जास्त भरवशाचा उपाय म्हणजे चौथा पाय. २२,५०० चा पुट १६५ ला विकताना २२,००० चा पुट ९० ला विकतही घ्यायचा. खर्च २५ वरून ११५ वर जातो, लॉटमागे २,८७५ रुपये. पण आता खाली कितीही पडलं तरी तोटा ६१५ अंकांवर थांबतो, लॉटमागे १५,३७५ रुपये. मार्जिनही बरंच कमी लागतं आणि घसरणीच्या दिवशी ते मोकाट सुटत नाही. ही रचना मग सीगल उरत नाही. माझ्या मते ज्याच्याकडे स्ट्राइकच्या भावाने निफ्टी घ्यायचे पैसे नाहीत, त्याने हीच करावी किंवा १९० मोजून साधा कॉल स्प्रेड घ्यावा. नव्वद रुपये वाचवण्यासाठी तळ उघडा ठेवणं हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही, विशेषतः समोर तारीख ठरलेली मोठी घटना असताना.

सौदा चांगला चालला तर काय करायचं, याकडे मात्र फारसं लक्ष दिलं जात नाही. एक्स्पायरीला आठवडाभर उरला आणि निफ्टी साडेतेवीस हजारांच्या वर आहे, अशा स्थितीत २२,५०० च्या पुटचा भाव दहाएक रुपयांवर आलेला असतो. १६५ मधले १५५ कमावून झालेत, उरलेल्या दहांसाठी सगळी खालची जोखीम अजून अंगावर आहे. तेव्हा तो दहाला परत घेऊन टाकावा. अडकलेलं मार्जिन सुटतं आणि हातात उरतो तो नुसता कॉल स्प्रेड, ज्याचा तोटा भरलेल्या पैशांपलीकडे जात नाही. क्रमही सांभाळायला हवा. सौद्यात शिरताना आधी कॉल घ्यावा, मग वरचा कॉल आणि पुट विकावा, म्हणजे मार्जिनची सूट मिळते. बाहेर पडताना आधी विकलेले दोन्ही परत घ्यावेत आणि शेवटी आपला कॉल विकावा. उलटं केलं की मधल्या काही मिनिटांसाठी विकलेला कॉल उघडा पडतो, मार्जिन उडी मारतं आणि ऑर्डर नाकारली जाते. धावपळीच्या दिवशी हीच चूक महागात पडते.

शेअर बाजारात सीगल तुलनेने नवखा आहे. तो मुरलेला आहे चलनाच्या बाजारात, आणि तिथे त्याचं गणित वेगळं पडतं. परदेशातून माल आणणाऱ्या कारखान्याला तीन-चार महिन्यांनी डॉलर द्यायचे असतात, म्हणून डॉलर महागण्याची त्याला भीती असते. तो बँकेकडून डॉलरचा कॉल घेतो, वरचा कॉल विकतो, खालचा पुट विकतो आणि जवळपास बिनखर्चाचं संरक्षण उभं करतो. खर्च घटवणाऱ्या अशा रचनांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत खास तरतूद केली गेली आणि त्या कोणत्या कंपन्यांनी कराव्यात यावर अटीही घातल्या गेल्या. आयातदाराचा विकलेला पुट उघडा नसतो. डॉलर स्वस्त झाला तर त्याला ठरलेल्या चढ्या भावाने घ्यावा लागतो, पण डॉलर तर त्याला घ्यायचेच आहेत. नुकसान होतं ते हुकलेल्या स्वस्ताईचं.

त्याचा घात दुसऱ्या टोकाला होऊ शकतो. मे २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता. समजा एखाद्या आयातदाराने ऑगस्टअखेरच्या दहा लाख डॉलरसाठी ५६ चा कॉल घेतला, ६० चा विकला आणि ५३ चा पुट विकून खर्च भागवला. साठच्या वर रुपया कशाला जाईल, असं मे महिन्यात वाटणं स्वाभाविक होतं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी आवरती घेण्याचे संकेत दिले, पैसा भारताबाहेर जाऊ लागला आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या पलीकडे गेला. सीगलने दिले डॉलरमागे चार रुपये, कारण साठच्या वरचं संरक्षण त्याने स्वतःच विकलं होतं. त्याला डॉलर पडला ६४ ला. ५६ धरून मालाचे भाव ठरवले असतील तर दहा लाख डॉलरवर ऐंशी लाखांचा खड्डा. मे महिन्यात साधा फॉरवर्ड करार पंचावन्नच्या आसपास मिळाला असता आणि सगळा प्रश्न तिथेच मिटला असता. म्हणजे निफ्टीवाल्याने भीती बाळगायची ती खालच्या पायाची, आयातदाराने वरच्या कॉलची. रचना तीच असली तरी आधीपासून आपल्याकडे काय आहे आणि काय देणं आहे, त्यावर धोक्याची बाजू ठरते.

एकेका कंपनीच्या शेअरवर सीगल करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. निफ्टीचे ऑप्शन पैशांत मिटतात. फरकाचे रुपये खात्यात येतात किंवा जातात. शेअरचे ऑप्शन ऑक्टोबर २०१९ पासून पूर्णपणे प्रत्यक्ष शेअरच्या देवघेवीने मिटतात. विकलेला पुट एक्स्पायरीला आत राहिला, म्हणजे शेअरचा भाव स्ट्राइकच्या खाली बंद झाला, तर पूर्ण लॉटचे शेअर स्ट्राइकच्या भावाने घ्यावेच लागतात. ती रक्कम अनेक लाखांची असते. त्यासाठीचं मार्जिन शेवटच्या काही दिवसांत पायरीपायरीने वाढत जातं आणि शेवटच्या दिवशी विकणारा नसलेल्या पुटमधून बाहेर पडणं कठीण होऊन बसतं. शिवाय एखाद्या शेअरला निर्देशांकासारखी पन्नास कंपन्यांची विभागणी नसते. एका निकालाने, एका चौकशीच्या बातमीने तो एका सकाळीत वीस टक्के खाली उघडू शकतो आणि तीन दिवसांत परत वर येईलच असंही नसतं. तिथे सीगल करायचा तर एक्स्पायरीच्या आठवड्याआधी पुट परत घ्यावा आणि कंपनीचे तिमाही निकाल सौद्याच्या मुदतीत येतायत का, हे पुट विकण्याच्या आधी पाहून घ्यावं.